मेलच्या ग्रुपमधली माणसे जातात कुठे?

सोसायटीची नोटीस सर्व सभासदांना गेली, असे सचिव खात्रीने सांगतात आणि चार घरे म्हणतात, आम्हाला काही आले नाही. त्याच वेळी दोन वर्षांपूर्वी फ्लॅट विकून गेलेल्या माणसाचा फोन येतो, की मला अजून तुमची थकबाकीची पत्रके का येतात? दोन्ही तक्रारी खऱ्या असतात आणि बहुतेक वेळा त्यांचे मूळ एकच असते. कॉम्प्युटरवरच्या आउटलुकमध्ये आपण जो ग्रुप करून ठेवतो, त्याच्या आतली रचना आपल्याला वाटते तशी नसते.

हा लेख विंडोजवरच्या जुन्या पद्धतीच्या, म्हणजे आता ‘क्लासिक’ म्हटल्या जाणाऱ्या आउटलुकबद्दल आहे. 2007 च्या आवृत्तीपर्यंत तिथे अशा यादीला Distribution List म्हणत, 2010 च्या आवृत्तीपासून तिचे नाव Contact Group झाले. नाव बदलले तरी आतली मांडणी तीच राहिली.

आपण ग्रुप उघडतो तेव्हा नावांची रांग दिसते आणि ती माणसांची यादी आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात प्रत्येक सभासदामागे दोन गोष्टी साठवलेल्या असतात. पहिली म्हणजे कॉन्टॅक्टमधल्या मूळ नोंदीचा पत्ता. प्रत्येक नोंदीला आउटलुक एक लांबलचक अंतर्गत क्रमांक देते, तो क्रमांक ग्रुपमध्ये लिहिलेला असतो. दुसरी म्हणजे त्या माणसाचे नाव आणि ईमेल यांची, ग्रुपमध्ये घातले त्या दिवशी केलेली नक्कल. घरातल्या वहीत ‘पान 12 पाहा’ असे लिहून शेजारी नंबरही उतरवून ठेवावा, तसे हे आहे. पान 12 वरचा नंबर खोडून नवा लिहिला, तरी शेजारी उतरवलेला जुनाच राहतो.

म्हणून कॉन्टॅक्टमध्ये कोणाचा ईमेल बदलला की ग्रुप आपणहून ताजा होत नाही. त्यासाठी ग्रुप उघडून वरच्या पट्टीतले Update Now हे बटण दाबावे लागते. ते दाबल्यावर आउटलुक एकेक क्रमांक घेऊन मूळ नोंदीकडे जाते, तिथे आज काय लिहिले आहे ते पाहते आणि नक्कल दुरुस्त करते. क्रमांक बरोबर असेपर्यंत हे चोख चालते. क्रमांक चुकला की मात्र हेच बटण यादी रिकामी करू शकते.

एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, एका सोसायटीत 40 फ्लॅट आहेत. सचिवांनी ‘सर्व सभासद’ नावाचा ग्रुप केला आहे. त्यातली 31 नावे त्यांनी कॉन्टॅक्टमधून निवडून घातली. उरलेल्या 9 जणांची कॉन्टॅक्टमध्ये नोंदच नव्हती, म्हणून त्यांचे ईमेल थेट ग्रुपमध्ये टाइप केले. पुढे ऑफिसचा कॉम्प्युटर जुना झाला. नवा आला तेव्हा दुरुस्तीवाल्याने जुन्यावरची .pst फाइल आणली आणि Import/Export वापरून तिच्यातले सगळे नव्या फाइलमध्ये ओतले. कॉन्टॅक्ट आले, ग्रुप आला, मोजले तर 40 जण. काम झाले असे सगळ्यांना वाटले.

पण Import म्हणजे फाइल हलवणे नव्हे. आतली प्रत्येक गोष्ट नव्याने उतरवून घेणे. उतरवताना प्रत्येक कॉन्टॅक्टला नवा अंतर्गत क्रमांक मिळतो. ग्रुपच्या पोटात मात्र जुनेच क्रमांक राहतात, ते कोणी बदलत नाही. म्हणजे 31 नावांचे धागे त्याच क्षणी तुटले. बाहेरून याचा पत्ता लागत नाही, कारण नकला शाबूत असतात आणि मेल त्यांच्या जोरावर जात राहते. नकलेतला पत्ता आणि आजचा पत्ता एकच असेपर्यंत सगळे सुरळीत दिसते.

मग 302 क्रमांकाचा फ्लॅट विकला जातो. सचिव कॉन्टॅक्टमध्ये जाऊन नव्या मालकाचे नाव आणि ईमेल भरतात. पुढची नोटीस तरीही जुन्या मालकाला जाते. ती बाउन्स होऊन परत येत नाही, कारण जुन्या मालकाचा ईमेल चालू आहे. फक्त तो माणूस आता सभासद नाही. नवा मालक सभेला येत नाही आणि त्याला 14 दिवस आधी नोटीस मिळायला हवी होती हे तो नंतर दाखवून देतो.

सचिव चौकशी करतात. कोणीतरी सांगते, की Update Now दाबा. ते दाबतात. आउटलुक पहिल्या नावाचा जुना क्रमांक घेऊन शोधायला जाते, काही सापडत नाही, आणि विचारते, की ही नोंद पुसली किंवा हलवली गेलेली दिसते, यादीतून काढू का? सचिवांना वाटते, जुने काहीतरी साफ होते आहे. ते Yes म्हणतात. पुन्हा तोच प्रश्न दुसऱ्या नावासाठी येतो, पुन्हा Yes. शेवटी ग्रुपमध्ये 9 जण उरतात. हे तेच 9 जण, ज्यांचे ईमेल थेट टाइप केले होते. त्यांना धागाच नव्हता, त्यामुळे तुटायला काही नव्हते.

इथे एक सुटकेची वाट आहे आणि ती माहीत असणे फार मोलाचे आहे. हे बदल Save & Close दाबेपर्यंत कायम होत नाहीत. खिडकी नुसती बंद करून, बदल जपायचे का या प्रश्नाला No म्हटले, तर 40 जणांचा ग्रुप होता तसा परत मिळतो. म्हणून नावे गळताना दिसली की आधी थांबावे आणि न जपता बाहेर पडावे.

धागा शाबूत आहे की तुटला आहे, हे Update Now न दाबताही ओळखता येते. ग्रुप उघडून एखाद्या नावावर डबल-क्लिक करा. त्या माणसाची फोन, पत्त्यासह पूर्ण कॉन्टॅक्ट-नोंद उघडली तर धागा जागेवर आहे. फक्त नाव आणि ईमेल असलेली छोटी चौकट उघडली, तर तुमच्याकडे निव्वळ नक्कल आहे. पाच-सहा नावे अशी तपासली तरी अंदाज येतो. एक सावधगिरी मात्र हवी. जुनी .pst फाइल नव्या कॉम्प्युटरवरही उघडी ठेवलेली असेल, तर धागा तुटत नाही, पण तो जुन्या फाइलमधल्या नोंदीकडेच जातो. अशा वेळी उघडलेल्या नोंदीत नवा ईमेल दिसतो की जुना, हे पाहावे. तुम्ही दुरुस्त करता ती नोंद एक आणि ग्रुप पाहतो ती दुसरी, असे चालू असू शकते.

तुटलेला ग्रुप डागडुजी करून सुधारत नाही, तो नव्याने बांधावा लागतो. आधी ग्रुप उघडून File, मग Save As करून Text Only प्रकारात जपून ठेवा. त्या साध्या फाइलमध्ये प्रत्येकाचे नाव आणि ईमेल येते. ती छापून कॉन्टॅक्टशी एकेक ओळ ताडून पाहा. कोण गेले, कोण आले, कोणाचा ईमेल बदलला हे तेव्हाच कळते. मग नवा ग्रुप करा, त्यात Add Members मधून From Outlook Contacts निवडा आणि Ctrl दाबून हवी ती सगळी नावे एकदम घ्या. यामुळे सगळे धागे नव्या क्रमांकांना जोडले जातात. ज्यांची कॉन्टॅक्टमध्ये नोंद नाही त्यांची ती आधी करा आणि मगच त्यांना घ्या.

नव्या ग्रुपला जुन्याचेच नाव देऊ नका. मेल लिहिताना To मध्ये दोन-तीन अक्षरे टाइप केली की खाली नावे सुचवली जातात. ती सूचना कॉन्टॅक्ट नव्याने वाचून येत नाही; पूर्वी वापरलेल्या पत्त्यांची वेगळी साठवण असते, तिच्यातून येते. एकाच नावाचे दोन ग्रुप झाले, की सवयीचा हात जुन्यावर पडतो आणि इतक्या मेहनतीने केलेली यादी बाजूला राहते. नवे नाव ‘सभासद 2025’ असे वर्षासह ठेवले, जुना ग्रुप पुसला आणि सुचवलेल्या जुन्या नावापुढची फुली दाबून तेही काढले, म्हणजे गोंधळाला जागा उरत नाही.

धागे शाबूत असतानाही मेल भलत्याकडे जाण्याची एक वाट उरते. धागा माणसाशी नसतो, नोंदीशी असतो. आणि नोंदीत दोन-तीन ईमेल असतील तर त्यातल्या ठरावीक जागेशी. 302 च्या नव्या मालकाचे नाव जुन्याच नोंदीवर लिहिले, तर ज्या ज्या ग्रुपमध्ये जुना मालक होता, त्या सगळ्यांत Update Now नंतर नवा मालक येतो. ‘सर्व सभासद’मध्ये ते हवेच असते. पण जुने मालक हिशेब तपासणी समितीच्या ग्रुपमध्येही असतील, तर समितीची कागदपत्रे आता नव्या मालकाकडे जाऊ लागतात. उलट, नवा ईमेल E-mail 2 च्या रकान्यात भरून जुना पहिल्या रकान्यात तसाच ठेवला, तर कितीही वेळा Update Now दाबले तरी ग्रुप जुन्यालाच धरून बसतो. म्हणून माणूस बदलला की नोंद नवी करावी. माणूस तोच आणि ईमेल बदलला, तर त्याच रकान्यातला जुना खोडून नवा लिहावा.

ऑफिसच्या मेल सर्व्हरवर ठेवलेल्या याद्यांना यातले काही लागू होत नाही. त्यांचे सभासद सर्व्हरवर असतात आणि मेल पोचल्यावर तिथेच वाटले जाते. तिथली चूक आयटी विभागाने किंवा त्या यादीच्या मालकाने सुधारायची असते; आपल्या कॉम्प्युटरवर काही करून उपयोग नसतो.

कॉम्प्युटर बदलतानाच काळजी घेतली, तर यातला बराचसा त्रास टळतो. .pst फाइल Import न करता तीच फाइल नव्या कॉम्प्युटरवर ठेवून Open Outlook Data File ने उघडावी आणि पुढेही तीच वापरावी. फाइल तीच राहिली की क्रमांक तेच राहतात, धागेही तसेच राहतात. आणि महत्त्वाची नोटीस पाठवण्यापूर्वी To किंवा Bcc मधल्या ग्रुपच्या नावाआधीचे + चिन्ह दाबून यादी उलगडून पाहावी. एकदा उलगडली की त्या मेलपुरती ती पुन्हा मिटत नाही, पण नेमके कोणाकोणाला जाणार हे डोळ्यांसमोर येते. सर्वांचे ईमेल एकमेकांना दिसू नयेत म्हणून हे Bcc मध्येच करावे. चुकीच्या पण चालू पत्त्यावर गेलेले मेल कधीच परत येत नाही, त्यामुळे ही चूक दिसण्याची जागा पाठवण्याआधीची ही उलगडलेली यादी आहे. पाठवल्यावर ती फक्त तक्रारीतूनच कळते.