पुण्याच्या परेड मैदानावरचे दाणे

सन १८२९ च्या जून महिन्यातील एका सकाळी विल्यम हेन्री साइक्स पुण्यात फिरावयास निघाले होते. मुंबई सरकारसाठी दख्खनची पीकपाणी, हवामान व लोकजीवन यांची माहिती गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे होते. परेड मैदानालगतच्या पडीक जमिनीवर त्यांना गवताच्या बियांचे वीसहून अधिक लहान ढीग दिसले. प्रत्येक ढिगात सुमारे मूठभर बी होते. जवळ जाऊन पाहता शेकडो मुंग्या जमिनीखालच्या कोठारातून एकेक दाणा वर आणून उन्हात मांडत असल्याचे आढळले. पावसाच्या आरंभी कोठारात ओल शिरली असावी आणि पहिले ऊन पडताच वाळवण घातले गेले असावे, असा तर्क साइक्स यांनी दैनंदिनीत नोंदविला. ते गवत जानेवारी-फेब्रुवारीत पिकत असल्याने साठा तेव्हापासूनचा असणार, हेही त्यांच्या ध्यानात आले. १८३५ मध्ये लंडनच्या कीटकशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले व तिला ‘प्रोव्हिडेन्स’, म्हणजे पुढचे पाहणारी, असे नाव दिले. आज ही मुंगी फायडोल या प्रजातीत गणली जाते.

फायडोल मुंग्या ओळखणे सोपे आहे. एकाच बिळातून दोन आकारांच्या मुंग्या बाहेर पडतात. बहुसंख्य मुंग्या दोन-तीन मिलिमीटर लांबीच्या, सडपातळ असतात. त्यांच्यामध्ये अधूनमधून एखादी अशी दिसते की तिचे डोके बाकीच्या शरीराला न शोभण्याइतके मोठे असते. पहिल्या कामकरी, दुसऱ्या सैनिक. अनेक जातींत सैनिकांचे प्रमाण शंभरात पाच ते पंधरा एवढेच असते. ‘सैनिक’ या शब्दाने मात्र थोडी दिशाभूल होते. त्या मोठ्या डोक्यात मेंदू फारसा नसतो. जबडा मिटणारे स्नायू असतात. परक्या मुंग्यांशी झुंजणे हे त्यांचे एक काम झाले, पण दाणे वेचणाऱ्या जातींत टणक बी फोडणे हेही त्यांचेच काम. तेथे सैनिक म्हणजे एक प्रकारे जातेच.

येथे एक घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. वाळवीला आपल्याकडे ‘पांढरी मुंगी’ म्हणतात, म्हणून दोहोंची व्यवस्था सारखीच असावी असे पुष्कळांना वाटते. वाळवीचे नाते झुरळांशी आहे. तिच्या वारुळात राजा राणीसोबत कायम राहतो आणि कामकरी व सैनिकांत नर व मादी दोन्ही असतात. मुंग्यांत राजा नसतो. कामकरी व सैनिक सर्व माद्याच, राणीच्या मुली. नर पंखांसह जन्मतात, मिलनासाठी उडतात आणि त्यानंतर लवकरच मरतात. राणीही आयुष्यात एकदाच उडते. त्या वेळी साठविलेले शुक्राणू ती पुढे वर्षानुवर्षे वापरते. फलित अंड्यातून मादी व अफलित अंड्यातून नर निपजतो. मिलनानंतर ती पंख गाळते, जमिनीत लहानशी कोठडी करून स्वतःला कोंडून घेते आणि निरुपयोगी झालेले उड्डाणाचे स्नायू विरघळवून त्यांवर पहिली पिलावळ वाढविते. त्या पिलावळीतून कामकरी तयार झाल्या की राणीकडे अंडी घालण्याखेरीज काम उरत नाही. ती कोणाला हुकूम देत नाही.

मग सैनिक किती असावेत हे कोण ठरविते? राणीची फलित अंडी सर्व सारखीच असतात. अळी वाढीच्या शेवटच्या टप्प्यात येते तेव्हा तिला मिळालेल्या आहारावर व तिच्या शरीरातील ज्युव्हेनाइल हॉर्मोनच्या पातळीवर ती सैनिक होणार की कामकरी हे ठरते. भरपूर आहार मिळालेल्या अळीत हॉर्मोनची पातळी ठरावीक मर्यादेवर गेली की तिची वाढ लांबते आणि डोके अवाजवी मोठे होते. घरात प्रौढ सैनिक पुरेसे असले, तर त्यांच्या अंगच्या रासायनिक संदेशामुळे अळ्यांचे सैनिक होणे रोखले जाते. सैनिक झुंजीत कामी आले की तो लगाम ढिला होतो व नव्या सैनिकांची भर पडते. संख्या मोजणारे कोणी नसतानाही प्रमाण राखले जाते ते असे.

ही विभागणी लवचीकही आहे. एडवर्ड विल्सन यांनी १९८४ मध्ये फायडोलच्या तीन जातींवरील प्रयोग प्रसिद्ध केले. लहान कामकरी काढून घेऊन सैनिकांचे प्रमाण निम्म्यावर नेल्याबरोबर, तासाभरातच, एरवी निष्क्रिय दिसणाऱ्या सैनिकांनी अळ्यांची देखभाल सुरू केली. कामकरी परत सोडल्यावर सैनिक पुन्हा बाजूला झाले. कामकरींमध्ये वयानुसार आणखी एक विभागणी असते. नुकत्याच कोषातून निघालेल्या मुंग्या राणी व पिलावळीजवळ राहतात, त्यानंतर बिळातील इतर कामे करतात आणि अखेरच्या दिवसांत दाणे व भक्ष्य आणण्यासाठी बाहेर पडतात. बांधावर जी रांग दिसते ती वसाहतीतील सर्वांत वयस्क, आयुष्य सरत आलेल्या मुंग्यांची रांग असते. पुढे नियंत्रणाचा विचार करताना हे लक्षात ठेवावे लागते.

आता त्या रांगेकडे वळू. कामगंध सापळा बहुतेक शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. त्यातील गंध नर पतंगाला मादीकडे ओढतो. मुंगीचा मार्गदर्शक गंध त्याच कुळातला, परंतु हवेत सोडलेला नव्हे, जमिनीवर ओढलेला असतो. एकटी फिरणारी मुंगी मोठे अन्न पाहते, थोडे चाखते आणि परतताना पोटाचे टोक जमिनीला टेकवत ग्रंथीतील द्रवाचा सूक्ष्म माग सोडते. घरातील काही मुंग्या या मागावरून निघतात. त्यांना अन्न मिळाले तर परतताना त्याही मागावर भर घालतात. रिकाम्या परतल्या तर घालत नाहीत. अन्न असेपर्यंत माग गडद होत जातो. अन्न संपले की कोणी पुसायला लागत नाही; द्रव उडून जातो. विल्सन यांनी १९६२ मध्ये अग्निमुंगीवर केलेल्या अभ्यासात एका मुंगीने सोडलेला माग सुमारे शंभर सेकंदांतच निष्प्रभ होत असल्याचे दिसले. एवढा क्षणभंगुर संदेश गैरसोयीचा वाटेल. परंतु तो टिकला असता तर रिकाम्या जागेकडे रांगा लागत राहिल्या असत्या.

मोठ्या डोक्याच्या फायडोल मेगासेफाला या जातीत मात्र दोन माग असल्याचे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००९ मध्ये दाखविले. नवा प्रदेश धुंडाळताना सोडलेला माग सौम्य पण टिकाऊ असतो. अन्न सापडल्यावर सोडलेला तीव्र पण अल्पजीवी. पहिला रस्त्यासारखा, दुसरा त्या रस्त्यावर दिलेल्या हाकेसारखा. बांधावरची वाट रात्रभर रिकामी राहूनही सकाळी मुंग्या तिच्यावरूनच का निघतात, याचा उलगडा अशा दुहेरी व्यवस्थेतून होऊ शकतो.

हे शेतातच पडताळता येते. बिळापासून दोन-तीन हातांवर शेंगदाण्याचा चिमूटभर कूट ठेवावा आणि मधल्या वाटेवर पोस्टकार्डाएवढा कागद अंथरावा. कागदावरून रांग नीट वाहू लागेपर्यंत थांबावे. सकाळी किंवा सायंकाळी, कारण तापलेल्या जमिनीवर गंध लवकर उडतो. नंतर कागद हलकेच उचलून काटकोनात फिरवावा. मुंग्या कागदाच्या कडेशी थबकतात, मिशा हलवीत इकडेतिकडे पसरतात आणि काही कागदावरील जुन्या मागाने भलत्याच दिशेला जातात. काही मिनिटांत नवा माग पडतो. अन्न मोठे किंवा टणक असेल तर थोड्या वेळाने रांगेत सैनिकही दिसू लागतात. त्यांना बोलावणारा माग लहान कामकरींनीच घातलेला असतो.

नाचणी, तीळ किंवा भाजीपाल्याच्या गादीवाफ्यातील बी मुंग्या नेतात तेव्हा रांगेवर भुकटी धुरळण्याकडे सहसा कल असतो. त्या दिवशी रांग नाहीशी होते आणि उपाय लागू पडला असे वाटते. वास्तविक मेलेल्या मुंग्या थोड्याच दिवसांच्या सोबती होत्या. खालच्या वयोगटातील मुंग्या त्यांची जागा घेतात, राणी व पिलावळ सुरक्षित असतात आणि आठवड्याभरात रांग दुसऱ्या बाजूने निघते. गादीवाफ्यापुरती अडचण असेल तर बी उघडे न ठेवता मातीने झाकणे व उगवण होईपर्यंत ओल राखणे यानेच बहुधा काम भागते. पडीक बांधावरच्या वसाहतीला तर हात लावण्याचे कारणच नाही. साइक्स यांना दिसलेल्या मूठमूठ ढिगांत पिकाचे बी नव्हते, गवताचे होते.

वसाहतच हलवावयाची असेल तर विषारी आमिष हा मार्ग राहतो, आणि त्याचे यश पिलावळीवर अवलंबून असते. प्रौढ मुंगी घन अन्न गिळू शकत नाही. तिची अरुंद कंबर व घशातील गाळणी त्याला आड येते. कामकरी अन्नाचे तुकडे अळ्यांच्या अंगावर ठेवतात, अळ्या त्यावर पाचक रस सोडून ते पचवितात. त्यामुळे घन आमिषातील विष अळ्यांपर्यंत व राणीपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. विष जलद असेल तर आमिष वाहणारी मुंगी वाटेतच मरते व माग तेथेच तुटतो. चांगल्या आमिषाने पहिल्या चोवीस तासांत फारशा मुंग्या मरत नाहीत. दुसऱ्याच दिवशी मेलेल्यांचा सडा दिसला तर ते अपयशाचे लक्षण समजावे. दाणे वेचणाऱ्या मुंग्या साखरेपेक्षा तेलकट व प्रथिनयुक्त अन्नाला अधिक भुलतात, म्हणून विष मिसळण्यापूर्वी नुसता शेंगदाण्याचा कूट व गूळ शेजारी ठेवून त्या कशावर जमतात ते पाहावे. या कामासाठी नोंदणीकृत असलेलेच आमिष लेबलावरील मात्रेने वापरावे. ज्या जातींत एका वसाहतीत अनेक राण्या असतात, तेथे एकदा आमिष टाकून भागत नाही.

बिळे शोधण्यासाठी साइक्स यांचीच पद्धत उत्तम आहे. जमीन भिजविणाऱ्या पावसानंतरच्या पहिल्या उन्हात सकाळी बांध फिरून पाहावा. बिळाभोवती नुसत्या फोलपटांचे कडे असेल तर तो कोठारातला कचरा होय. अखंड दाणे मांडलेले असतील तर खाली साठा आहे. त्या जागी खुंटी रोवून ठेवावी, कारण दाणे सायंकाळपर्यंत परत आत जातात. साइक्स यांना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, शेवटच्या वादळी पावसानंतर, असेच वाळवण पुन्हा दिसले होते.