चोवीस ग्रॅमची परीक्षा

क्ले पिजनच्या खेळात, म्हणजे हवेत भिरकावलेल्या तबकड्या छर्‍यांनी फोडण्याच्या खेळात, एक फेरी 25 तबकड्यांची असते. अमेरिकेतल्या क्लबांमध्ये सुट्टीच्या दिवशी चार-चार, कधी आठ फेर्‍या खेळणारे लोक सर्रास दिसतात. शंभर-दोनशे बार खांद्यावर झेलायचे असतील तर माणूस साहजिकच हलकं काडतूस शोधतो. बारा बोअरच्या साध्या काडतुसात 32 ग्रॅम छर्रे असतात, हलक्यात 28 आणि त्याहून हलक्यात 24. ऑलिम्पिकच्या ट्रॅप आणि स्कीटमध्ये 24 ग्रॅमचीच मर्यादा आहे. तिथे बहुतेक नेमबाज एकावर एक नळी असलेली दुनळी वापरतात. तिच्यात बार झाल्यावर आपोआप काहीच घडायचं नसतं, त्यामुळे काडतूस हलकं असो की जड, तिला फरक पडत नाही.

सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनला मात्र पडतो. बार झाल्यावर बोल्टचं कुलूप उघडणं, रिकामं काडतूस बाहेर फेकणं, स्प्रिंग दाबणं आणि नवं काडतूस नळीत ढकलणं ही सगळी कामं तिला त्याच काडतुसाच्या ताकदीवर करायची असतात. ती ताकद कुठून उचलायची याचे दोन मार्ग आज प्रचलित आहेत. एका जातीची बंदूक स्वतःच्या धक्क्यातून ताकद घेते, दुसरी नळीतल्या वायूतून. धक्का कसा लागतो, काजळी कुठे साठते आणि हलक्या काडतुसावर कोणती बंदूक अडते, हे तिन्ही प्रश्न या एका फरकातून निघतात.

धक्क्यावर चालणार्‍या जातीचं सगळ्यांत प्रसिद्ध नाव इटलीतल्या उर्बिनोची बेनेली. 1967 मध्ये सुरू झालेल्या या कंपनीसाठी ब्रुनो चिवोलानी यांनी ही रचना केली. तिचा बोल्ट काढून हातात घेतला तर ती लगेच कळते. पुढे फिरणारं डोकं, मागे पोलादाचा जड ठोकळा, आणि दोघांच्या मध्ये एक आखूड पण कमालीची ताठ स्प्रिंग. बार झाला की सगळी बंदूक झटक्यात मागे येते, पण ठोकळा जडत्वामुळे होता तिथेच राहतो. बस एकदम सुटल्यावर उभ्या प्रवाशाचं होतं तसं. बंदूक मागे आली आणि ठोकळा जागेवर राहिला, म्हणजे मधली स्प्रिंग काही मिलिमीटर दबली. क्षणभराने ती उसळते आणि ठोकळ्याला मागे भिरकावते. ठोकळा मागे जाताना बोल्टचं डोकं फिरवतो, कुलूप सुटतं आणि रिकामं काडतूस बाहेर पडतं. तोवर छर्रे नळीबाहेर गेलेले असतात. नळीला कुठेही भोक नाही, पिस्टन नाही.

वायूवर चालणार्‍या जातीत नळीच्या खालच्या अंगाला बारीक छिद्रं असतात. छर्रे त्यांच्यापुढे सरकले की दाबाखालचा थोडा वायू छिद्रांतून खालच्या सिलिंडरमध्ये शिरतो, पिस्टनला मागे ढकलतो आणि पिस्टन बोल्टला. 1963 मध्ये बाजारात आलेली रेमिंग्टन 1100 या जातीची सर्वपरिचित बंदूक. आज बेरेटाची ए400 मालिका त्याच तत्त्वावर चालते. बेरेटा आणि बेनेली या दोन्ही कंपन्या आता एकाच समूहाच्या मालकीच्या आहेत, आणि त्या समूहाने दोन्ही तत्त्वं शेजारी शेजारी चालू ठेवली आहेत. एकाने दुसर्‍याला पुरतं हरवलेलं नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला सुचत नाही.

आता धक्का. वायूची बंदूक धक्का ‘खाऊन टाकते’ असं विक्रेते सांगतात, आणि ते जसंच्या तसं खरं नाही. छर्रे, वॉड आणि दारूचा वायू पुढे जाताना जो संवेग घेऊन जातात, तेवढाच बंदुकीला मागच्या दिशेने मिळणार. त्यातून सुटका नाही. वायूच्या बंदुकीत फरक पडतो तो त्याच्या वाटणीत. सिलिंडरमधला वायू पिस्टनला मागे रेटतो, तेव्हा तोच वायू सिलिंडरच्या पुढच्या भिंतीला, म्हणजे बंदुकीला, पुढे रेटत असतो. त्यामुळे पहिल्या क्षणी खांद्यावर येणारा भार थोडा कमी होतो. पिस्टन आणि बोल्टकडे गेलेला वाटा नंतर, ते भाग मागे जाऊन स्प्रिंग दाबतात आणि थांबतात तेव्हा, खांद्यापर्यंत पोचतो. देणं तेवढंच, पण हप्त्यांनी फेडलेलं. खांद्याला तो ठोसा वाटत नाही, रेटा वाटतो. शिवाय क्लेसाठी केलेल्या वायूच्या बंदुका बहुधा साडेतीन किलोच्या आसपास असतात आणि त्या वजनानेही धक्का मवाळ होतो.

जडत्वाची बंदूक सडपातळ असते. पुढच्या हाताखाली सिलिंडर-पिस्टन नसल्याने फोरएंड बारीक, वजन तीन-सव्वातीन किलो, आणि हातात ती चटकन वळते. पण धक्का पहिल्या क्षणीच जवळजवळ सगळा येतो. बेनेलीने दस्त्यात लवचीक जेलचे पट्टे बसवून तो बराच सुसह्य केला आहे. तरीही शंभराव्या बारानंतर गालाच्या हाडाला आणि खांद्याला दोन्ही जातींतला फरक कळतोच.

हलक्या काडतुसाचा प्रश्न थोड्या हिशोबाने उलगडतो. सव्वातीन किलोहून जराशी हलकी, 3.2 किलोची जडत्वाची बंदूक घेऊ. 32 ग्रॅम छर्‍यांचं काडतूस सेकंदाला 365 मीटर वेगाने उडालं, तर वॉड आणि वायू धरून बंदूक मोकळी असताना साधारण 4.1 मीटर प्रति सेकंद वेगाने मागे येईल. तेवढ्याच वेगाचं 24 ग्रॅमचं काडतूस घातलं तर 3.2 मीटरने. घट चौथ्या हिश्श्याहूनही कमी आहे. पण दबलेल्या स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, त्यामुळे बोल्टला मिळणारी ऊर्जा जवळजवळ 60 टक्क्यांवर येते. आता त्याच बंदुकीला कोणी संतुलनासाठी 400 ग्रॅमचं वजन जोडलं, तर ती आणखी सावकाश मागे येईल आणि ऊर्जा मूळच्या निम्म्याहूनही खाली जाईल. धक्का कमी व्हावा म्हणून केलेला उपाय बंदुकीचं इंधनच काढून घेतो. वायूच्या बंदुकीला हेच वजन जोडलं तर नळीतला दाब बदलत नाही, पिस्टन पूर्वीसारखाच हलतो.

नुसते ग्रॅम पाहून मात्र चालत नाही. ऑलिम्पिकच्या धाटणीचं 24 ग्रॅमचं काडतूस सेकंदाला 400 मीटरच्या आसपास जातं, आणि त्यावर पुष्कळ जडत्वाच्या बंदुका बिनतक्रार चालतात. अडचण होते ती 24 ग्रॅम आणि कमी वेग एकत्र आले की. नव्या बंदुकीत घसरणारे भाग अजून खरखरीत असतात, म्हणून आधी 32 ग्रॅमचे काही डबे उडवून घ्यायचे आणि मग हलक्याकडे वळायचं, असा रिवाज आहे. दस्ता भिंतीला किंवा झाडाला टेकवून बार काढला तर बंदुकीला मागे यायला जागाच राहत नाही आणि भरवशाची जडत्वाची बंदूकही अडते.

ताकद कमी पडतेय हे कसं ओळखायचं? रिकामी काडतुसं कुठे पडतात ते पाहायचं. निरोगी बंदूक ती उजवीकडे दोन-तीन मीटरवर फेकते. ती बुटाजवळ पडायला लागली की समजायचं, बोल्ट जेमतेम मागे पोचतोय. पुढची पायरी म्हणजे रिकामं काडतूस बाहेर पडतं पण नवं वर येत नाही. त्याही पुढे, काडतूस निघता निघता बोल्टच्या तोंडात उभं अडकतं. जडत्वाच्या बंदुकीत एक वेगळा दोषही आहे. बोल्ट हाताने हळूच पुढे सोडला किंवा बंद बंदुकीला धक्का लागला, तर बोल्टचं डोकं पूर्ण फिरत नाही आणि चाप ओढल्यावर फक्त ‘टक्’ असा आवाज येतो. त्यावर इलाज म्हणजे बोल्ट नेहमी पूर्ण मागे ओढून स्प्रिंगच्या जोरावर सोडायचा.

वायूच्या बंदुकीतही काडतुसं जवळ पडायला लागतात, पण तिथे दोष बहुतेक वेळा काजळीचा असतो. हलकं काडतूस चालावं म्हणून छिद्रं पुरेशी मोठी ठेवतात, आणि जड काडतुसाचा जास्तीचा वायू झडपेतून बाहेर सोडतात. हलक्या काडतुसात मात्र असं जास्तीचं काही उरलेलंच नसतं. पिस्टनवर कार्बन चढला, तर 32 ग्रॅमचं काडतूस तरीही ढकलून नेतं, 24 ग्रॅमचं आधी अडतं. म्हणून वायूची बंदूक घाणीला घाबरते असं सरसकट म्हणण्यापेक्षा, घाण वाढली की ती आधी हलक्या काडतुसावर बोलते असं म्हणणं जास्त बरोबर आहे.

फोरएंड काढून पिस्टन बाहेर घेतला तर मैदानावरच्या एका दिवसाची काजळी बोटांना लागते. पिस्टन, सिलिंडर आणि मॅगझिन ट्यूबचा बाहेरचा भाग सॉल्व्हंटने पुसायचा, छिद्रं मोकळी आहेत ना पाहायची, आणि ट्यूबवर तेलाचा नुसता हात फिरवायचा. इथे लोक हमखास चुकतात. जास्त तेल काजळीत मिसळून डिंकासारखं घट्ट होतं, आणि कोरड्या काजळीपेक्षा ते जास्त नडतं. रेमिंग्टन 1100 मध्ये रबराचं एक कडंही असतं. ते फाटलं की वायू गळतो, म्हणून जुने खेळाडू एक जादा कडं खिशात ठेवतात.

जडत्वाच्या बंदुकीतला वायू नळीच्या तोंडातून बाहेर जातो, त्यामुळे आतले भाग शेकडो बारांनंतरही बर्‍यापैकी स्वच्छ असतात. पाणथळीत बदकांच्या शिकारीला जाणार्‍यांना ती आवडते ती याचमुळे. तिच्या अनेक मॉडेलांत मागची लांब स्प्रिंग दस्त्यातल्या नळीत बसते. ती दिसत नाही म्हणून वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही. दमट हवेत तिथे पाणी साचतं, गंज धरतो, आणि बोल्ट परत येताना घुटमळतो. मग लोक दोष काडतुसाला देतात. पावसाळी प्रदेशात ती नळी हंगामातून एकदा तरी उघडावी.

बेनेलीने स्वतः या मर्यादा किती ओळखल्या होत्या ते तिच्या एम4 बंदुकीवरून दिसतं. अमेरिकी लष्कराने एम1014 या नावाने घेतलेली ही बंदूक जडत्वावर नाही, वायूवर चालते. तिच्यात चेंबरजवळ दोन आखूड पिस्टन आहेत. लष्करी बंदुकीवर दुर्बीण, दिवा, जादा काडतुसं असं बरंच काही लटकवलं जातं, आणि वाढत्या वजनाने जडत्वाची रचना कमजोर होते. जडत्वावर नाव कमावलेल्या कंपनीनेच इथे दुसरा मार्ग धरला.

निव्वळ क्ले खेळणार्‍याने, आणि तेही स्वस्त हलक्या काडतुसांवर, वायूची बंदूक घ्यावी आणि दर रविवारी अर्धा तास पुसण्याला द्यावा असं माझं मत आहे. वर्षातून थोडे बार काढणार्‍याला, चिखलापाण्यात फिरणार्‍याला किंवा बंदूक दिवसभर हातात वागवायची असेल त्याला जडत्वाची बरी. जुनी बंदूक विकत घेत असाल तर विक्रेत्याच्या समोर मॅगझिन पूर्ण भरा, पुढे जे वापरणार तेच सगळ्यांत हलकं काडतूस घाला, आणि नंतर खेळणार्‍या माणसालाच ती खांद्याला लावू द्या. दोन-तीन वेळा भरून उडवल्यावर एकही काडतूस अडकलं नाही आणि रिकामी काडतुसं प्रत्येक वेळी साधारण त्याच अंतरावर पडली, तर बंदूक त्या काडतुसाला पुरी पडते आहे.