यूपीआयची पावती : तक्रारीत नंबर कोणता द्यावा?

कापडाच्या धंद्यात आमची उमर गेली. बिल नंबर, चलान नंबर, चेक नंबर, ट्रान्सपोर्टच्या बिल्टीचा नंबर हे सारे आमच्या तोंडपाठ. बिल्टीचा नंबर द्यायचा तिथे चलानचा नंबर दिला तर गोदामवाला गाठोडे सोडत नाही, हे दुकानात नवा आलेला पोरसुद्धा आठ दिवसांत शिकतो. पण मोबाईलवरून पैसे आले-गेले की जी पावती पडद्यावर दिसते, तिच्यावर दोन-तीन लांबलचक नंबर असतात. त्यातला कोणता कोणासाठी, हे आम्हाला नुकसान झाल्यावर कळले. वाचकांपैकी कुणाची तशी धावपळ होऊ नये म्हणून हा लेख.

आधी घडलेली हकीकत सांगतो. २६ मार्च २०२५, बुधवार. रमजानचे शेवटचे दिवस. घाटकोपरच्या आमच्या दुकानात इफ्तारनंतर ईदच्या खरेदीची गर्दी. त्या संध्याकाळी देशभर यूपीआय रखडले. ज्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे ही व्यवस्था आहे, तिने तांत्रिक अडचण असल्याचे त्याच दिवशी जाहीर केले. मुलुंडहून आलेल्या एका बाईंनी तीन ड्रेस पीस घेतले, बिल ६,४५० रुपयांचे. त्यांनी आमचा क्यूआर स्कॅन केला. त्यांच्या बँकेचा संदेश आला की रक्कम कापली गेली, पण आमचा रक्कम बोलून दाखवणारा डबा गप्पच. त्यांच्या ॲपवर 'Pending' दिसत होते. शेवटी बाईंनी रोख पैसे दिले. आम्ही बिलावर लिहून दिले की ऑनलाइन रक्कम जमा झाली तर परत करू.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, ''चाचा, पैसे तुमच्याकडे आले का? माझ्या खात्यात तर परत आले नाहीत.'' त्यांनी पावतीचा फोटो पाठवला. आम्ही त्यावर सर्वांत वर दिसणारा, T अक्षराने सुरू होणारा लांब नंबर कागदावर उतरवला आणि आमच्या बँकेच्या शाखेत गेलो. कारकुनाने तो यंत्रात घातला, काही निघाले नाही. तिकडे बाईंनीही आपल्या बँकेत तोच नंबर दिला, तेथेही 'असा व्यवहार सापडत नाही' हेच उत्तर मिळाले. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या खेपेला कारकून म्हणाला, ''शेठ, हा नंबर ॲपवाल्याचा आहे. आम्हाला बारा आकडी द्या.''

येथेच सारी गोम आहे. मोबाईलवरच्या एका व्यवहाराला दोन घरचे नंबर असतात. एक नंबर ॲपची कंपनी स्वतःच्या वहीसाठी देते. दुसरा बारा आकडी नंबर यूपीआयच्या व्यवस्थेतून फिरतो. पैसे देणाऱ्याची बँक, घेणाऱ्याची बँक आणि मधली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन या तिघांच्या नोंदीत तो एकच असतो. ॲपचा नंबर बँकेच्या वहीत नसतो, म्हणून बँकेला तो देणे म्हणजे आमच्या बिलाचा नंबर ट्रान्सपोर्टवाल्याला देण्यासारखे आहे.

अडचण अशी की या बारा आकडी नंबराला प्रत्येक ठिकाणी वेगळे नाव आहे. फोनपेवर 'Transaction ID' या नावाखाली T ने सुरू होणारा त्यांचा स्वतःचा नंबर असतो आणि बारा आकडी नंबर खाली 'UTR' म्हणून दिसतो. गूगल पेवर 'Google transaction ID' हा त्यांचा स्वतःचा अक्षरे-आकडे मिसळलेला नंबर असून 'UPI transaction ID' हा बारा आकडी असतो. पेटीएमवर तो 'UPI Ref No' या नावाने सापडतो. बँकेतली माणसे त्याला आरआरएन म्हणतात. म्हणजे एका ॲपवर 'Transaction ID' हा चुकीचा नंबर ठरतो आणि दुसऱ्यावर त्याच्यासारख्याच नावाचा नंबर बरोबर ठरतो. म्हणून नावावर जाऊ नका, मोजा. निव्वळ आकडे, अक्षर एकही नाही आणि संख्या बारा, तर तोच आपला नंबर. व्यवस्थेच्या आत आणखी एक ३५ अक्षरी नंबरही असतो. काही ॲप तो दाखवतात, पण शाखेतल्या कामासाठी बारा आकडीच मागतात.

यूटीआर या शब्दाने व्यापारी माणूस आणखी एका ठिकाणी फसतो. सुरत-भिवंडीच्या मालाचे पैसे आपण एनईएफटी किंवा आरटीजीएसने पाठवतो, तेव्हाही यूटीआरच मागतात. पण एनईएफटीचा यूटीआर १६ अक्षरी आणि आरटीजीएसचा २२ अक्षरी असतो, त्यात अक्षरे आणि आकडे दोन्ही येतात. यूपीआयचा मात्र बारा आकडी. बँकेला विचारताना रक्कम कोणत्या मार्गाने गेली ते आधी सांगावे.

ॲप उघडत नसेल किंवा पावती पुसली गेली असेल तरी घाबरण्याचे कारण नाही. रक्कम कापल्याच्या बँकेच्या संदेशात बहुधा हा नंबर असतो. पासबुकात किंवा खात्याच्या उताऱ्यातही यूपीआयच्या ओळीत नावाच्या आसपास तो छापलेला असतो. काही बँका उताऱ्याच्या रकान्यात त्याच्या आधी चार शून्ये लावून तो सोळा आकडी करतात. ती शून्ये सोडून पुढचे बारा घ्यावेत.

या नंबराचे पहिले चार आकडे वाचता आले तर मोठा उपयोग होतो. बाईंचा नंबर नमुन्यादाखल असा धरा :

```
508561327094
```

पहिला 5 म्हणजे २०२५ या सालातला शेवटचा आकडा. पुढचे 085 म्हणजे वर्षाचा पंच्याऐंशीवा दिवस. जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे २८, झाले ५९. त्यात मार्चचे २६ मिळवले की ८५. म्हणजे व्यवहार २६ मार्चचा. पुढचे आठ आकडे त्या दिवशीचा व्यवहार वेगळा ओळखण्यासाठी असतात, त्यांतून आपल्याला काही कळत नाही. गर्दीत गिऱ्हाईक जुन्या खरेदीची पावती दाखवत असेल, किंवा तक्रार करताना दोन पावत्यांची गल्लत झाली असेल, तर हे चार आकडे लगेच सांगतात. लीप वर्षात फेब्रुवारीनंतर एक दिवस वाढतो, एवढे ध्यानात ठेवावे. सालाचा एकच आकडा असल्याने दहा वर्षांनी तीच सुरुवात पुन्हा येईल; म्हणून अर्जात नंबरासोबत पूर्ण तारीख लिहावी.

पण नंबर बरोबर असला म्हणजे पैसे आले असा अर्थ नाही. अडकलेल्या आणि फसलेल्या व्यवहारालाही बारा आकडी नंबर मिळतो. शिवाय खोटी पावती बनवणाऱ्याला पहिले चार आकडे जुळवणे अवघड नाही. माल सोडण्याआधी आपल्या खात्यात किंवा दुकानाच्या ॲपमध्ये रक्कम दिसली पाहिजे, गिऱ्हाइकाच्या पडद्यावर नव्हे.

दुकानदारांसाठी आणखी एक गोष्ट. क्यूआर आणि डबा एखाद्या पेमेंट कंपनीचा असेल, तर ती कंपनी दिवसभराची विक्री एकत्र करून एकाच रकमेने बँकेत टाकते. त्या एकत्रित जमेला वेगळाच नंबर असतो. अशा वेळी गिऱ्हाइकाचा बारा आकडी नंबर बँकेच्या उताऱ्यात शोधून मिळणार नाही. तो कंपनीच्या व्यापारी ॲपमधील व्यवहारांच्या यादीत शोधावा लागतो. आम्ही हे न समजता उतारा वरून खाली तीनदा वाचला होता.

आता बाईंचे काय झाले ते ऐका. बारा आकडी नंबर हाती आल्यावर आम्ही दुकानाच्या ॲपमधील २६ मार्चची यादी पाहिली. तो नंबर तेथे नव्हता. म्हणजे रक्कम आमच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. तसे आम्ही दुकानाच्या कागदावर नंबर, तारीख आणि रक्कम टाकून लिहून दिले. बाईंनी तोच नंबर देऊन आपल्या बँकेत लेखी तक्रार केली आणि तक्रार क्रमांक घेतला. या वेळी बँकेला व्यवहार लगेच सापडला.

यात मुदतीचा नियम कामी आला. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे, दुकानदाराला दिलेल्या पैशांत रक्कम कापली गेली पण दुकानाला खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत झाली पाहिजे. एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे पोहोचले नाहीत, तर मुदत एकच दिवसाची. मुदत उलटल्यावर दररोज १०० रुपये भरपाई. सुट्ट्या वगळल्या जात नाहीत, दिवस कॅलेंडरचे. बाईंची मुदत ३१ मार्चला संपली, रक्कम २ एप्रिलला जमा झाली. दोन दिवस जादा लागले म्हणून २०० रुपये देणे होते. ही भरपाई न मागता मिळायला हवी. बाईंना ती तक्रार क्रमांक दाखवून मागावी लागली, मग मिळाली.

चुकीच्या माणसाला आपल्याच हाताने पैसे गेले तर ही मुदत आणि भरपाई लागू होत नाही, कारण तो व्यवहार पूर्ण झालेला असतो. तक्रार मात्र त्याच बारा आकडी नंबराने करायची.

तेव्हा कोणाला काय द्यावे? बँकेला बारा आकडी नंबर, तारीख, रक्कम आणि ज्याला पैसे दिले त्याचा यूपीआय पत्ता. ॲपच्या कंपनीला तिचा स्वतःचा नंबर आणि बारा आकडी, दोन्ही. फसवणूक झाली असेल तर क्षणाचाही उशीर न करता १९३० वर फोन करून बारा आकडी नंबर सांगावा, कारण पैसे पुढच्या कोणत्या खात्यात गेले त्याचा माग त्यावरून लागतो. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तेथे मात्र बारा आकडी नंबराबरोबर बँकेने दिलेला तक्रार क्रमांक आणि त्याची तारीखही लागते. तोंडी तक्रार केलेल्याची अडचण तेथेच होते.

एकच खबरदारी. हे नंबर सांगण्यात धोका नाही, पण पिन आणि ओटीपी तक्रारीसाठी कोणीही मागत नाही. मागणारा ठगच समजावा.

आमच्या दुकानात आता रक्कम रखडली की बिलाच्या मागे बारा आकडी नंबर लिहून घेतात आणि खाली गिऱ्हाइकाची सही. नंबर उतरवताना आम्ही चार-चार आकड्यांचे तीन गट पाडतो, म्हणजे एखादा आकडा सुटला तर जागेवरच कळते.