ईएसआयची कपात घटली, हातात किती आले?

कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआयच्या वर्गणीचे दर 1 जुलै 2019 पासून कमी झाले. कामगाराचा वाटा वेतनाच्या 1.75 टक्क्यांवरून 0.75 टक्के झाला, मालकाचा 4.75 वरून 3.25. कारखान्याच्या सूचना फलकावरील नोटिशीत कामगाराने पाहायचा तो पहिला आकडा. मालकाच्या वाट्यातील बचत पगारात येत नाही.

महिना 18,000 रुपये वेतन असलेल्या कामगाराचे पूर्वी 315 रुपये कापले जात, आता 135. हातात 180 रुपये जास्त. त्या महिन्यात 2,000 रुपयांचा ओव्हरटाइम झाला, तर वर्गणी 20,000 रुपयांवर, म्हणजे 150 रुपये बसते. 21,000 रुपयांची पात्रता मर्यादा पाहताना मात्र ओव्हरटाइम धरत नाहीत. हा फरक अनेकांना चकवतो.

घोळ होतो तो पहिल्या महिन्यात. जूनचा पगार जुलैत हाती पडला, तरी ते वेतन जूनचे असल्याने कपात जुन्याच दराने होते. नवा दर जुलैच्या वेतनापासून, म्हणजे बहुधा ऑगस्टमध्ये मिळणाऱ्या पगारपत्रकात दिसतो. तिथेही 315 दिसले, तर पगार विभागाने दर बदललेला नाही असे समजावे. दर घटला म्हणून औषधोपचार किंवा आजारपणाचा भत्ता कमी झालेला नाही.