कर घटला, कर्ज महागलं

२० सप्टेंबर २०१९. पणजीत जीएसटी परिषदेची बैठक भरायची होती. त्याआधीच अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पत्रकारांना बोलावून कंपन्यांच्या प्राप्तिकरात मोठी कपात जाहीर केली. ज्या कंपन्या इतर सवलतींवर पाणी सोडतील त्यांच्यासाठी मूळ दर २२ टक्के. अधिभार आणि उपकर धरून २५.१७ टक्के. तोवर बड्या कंपन्या ३४.९४ टक्क्यांपर्यंत कर भरत होत्या. त्या दिवशी सेन्सेक्स १,९२१ अंकांनी उसळला.

त्या गडबडीत एका गोष्टीकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. नव्या दराकडे वळणाऱ्या कंपन्यांचं कर्ज त्या दिवसापासून महाग झालं. बँकांनी व्याजदर पाव टक्क्यानंही वाढवला नव्हता, तरी महाग झालं. हे कसं, ते समजून घेतलं की कंपनीला भांडवल नेमकं किती टक्क्यांनी पडतं, या प्रश्नाची निम्मी उकल होते.

चाकणच्या बाजूला मोटारींचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी कल्पू. बँकांचं कर्ज ४०० कोटी, व्याज १० टक्के, म्हणजे वर्षाला ४० कोटी. व्याज आणि कर भरण्यापूर्वीचा नफा १२० कोटी. कर्ज नसतं तर या पूर्ण १२० कोटींवर २५.१७ टक्क्यांनी सुमारे ३०.२ कोटी कर लागला असता. पण व्याज हा धंद्याचा खर्च आहे, तो वजा करूनच करपात्र उत्पन्न ठरतं. उरले ८० कोटी, त्यावरचा कर सुमारे २०.१ कोटी. व्याजाचे ४० कोटी भरले खरे, पण करात १० कोटी वाचले. खिशातून गेले ३० कोटी, म्हणजे कर्ज प्रत्यक्षात पडलं साडेसात टक्क्यांना. व्याजामुळे मिळणाऱ्या या बचतीला करकवच म्हणतात.

आता जुना दर लावा. तेव्हा त्याच ४० कोटी व्याजावर १४ कोटी वाचायचे आणि कर्ज साडेसहा टक्क्यांना पडायचं. कराचा दर जितका चढा, तितका व्याजातला सरकारचा वाटा मोठा. दर खाली आला तसा सरकारनं तो वाटा आखडता घेतला आणि कर्ज एका टक्क्यानं महागलं. यावर कुणी रडलं नाही, कारण एकूण कर २८ कोटींवरून २० कोटींवर आला होता. पण कर्ज आणि भागभांडवल यांच्यातला फरक तेवढ्यापुरता कमी झाला, हेही तितकंच खरं.

भागभांडवलाची गोष्ट वेगळी. भागधारकांना दिलेला लाभांश खर्चात धरत नाहीत. तो कर भरून उरलेल्या नफ्यातून जातो. तिथे कवच नाही. आणि बऱ्याच प्रवर्तकांना मनापासून वाटतं की हे पैसे फुकटचे आहेत. बँकेचा हप्ता चुकला की फोन येतो, भागधारक वर्षातून एकदा सभेला येतो आणि चहा पिऊन जातो. मग त्याचा कसला खर्च? खर्च असा की त्या माणसाकडे दुसरे पर्याय आहेत. सरकारी रोख्यात त्याला जोखीम न घेता सात टक्के मिळत असतील, तर आपल्या शेअरमध्ये पैसे ठेवायला त्याला त्याहून बरंच जास्त मिळण्याची आशा हवी. ती नसेल तर तो शेअर विकून मोकळा होतो, भाव पडतो, आणि पुढच्या वेळी तेवढेच पैसे उभे करायला कंपनीला जास्त हिस्सा विकावा लागतो.

ही अपेक्षा मोजायची रूढ रीत अशी. रोख्याचे ७ टक्के घ्या. शेअर बाजारात उतरण्यासाठी गुंतवणूकदार त्यावर साधारण ६ टक्के अधिक मागतो असं धरा. आपला शेअर बाजारापेक्षा किती जास्त हेलकावतो ते बीटा या आकड्यावरून कळतं. आपल्या कंपनीचा बीटा १.२५ असेल तर जोखमीचा मोबदला झाला साडेसात टक्के. दोन्ही मिळून साडेचौदा. हा आकडा कुठल्याही खातेवहीत लिहिलेला नसतो, म्हणून तो टाळण्याचा मोह होतो. ते ६ टक्के ५ धरायचे की ७, यावर जाणकारांचंही एकमत होत नाही. पण शून्य धरणं हे नक्की चूक.

आता मिश्रण. शेअर बाजारातल्या भावानं कंपनीचं भागभांडवल ६०० कोटींचं आहे आणि कर्ज ४०० कोटी. म्हणजे प्रत्येक शंभर रुपयांतले ६० भागधारकांचे, ४० बँकेचे. साठ रुपये साडेचौदा टक्क्यांनी म्हणजे ८.७०, चाळीस रुपये जवळजवळ साडेसात टक्क्यांनी म्हणजे २.९९. बेरीज ११.६९. हा झाला भांडवलाचा भारित सरासरी खर्च. वित्त विभागातली मंडळी त्याला सरळ ‘वॅक’ म्हणतात. जुन्या करदरानं हाच आकडा ११.३० आला असता, आणि करच नसता तर १२.७०. चाकणच्या या कंपनीसाठी करकवचाची आजची किंमत अशी सुमारे एक टक्का आहे.

हा आकडा कामाला येतो तो संचालक मंडळाच्या बैठकीत. समजा १०० कोटींच्या नव्या विभागाचा प्रस्ताव आला आहे. कर भरल्यावर, पण व्याज न धरता, तो वर्षाला ११ टक्के देईल असा अंदाज आहे. बँक पूर्ण १०० कोटी कर्ज द्यायला तयार आहे. कर्ज पडतं साडेसातला, कमाई ११. वरकरणी उघड फायदा.

पण बँक हे कर्ज नव्या विभागाकडे बघून देत नाही. जुन्या कारखान्यामागे भागधारकांचे ६०० कोटी उभे आहेत, त्या भरवशावर देते. ती पत या विभागासाठी वापरून टाकली की पुढच्या वर्षी बँक म्हणणार, आता आधी स्वतःचे पैसे घाला. तेव्हा १३ टक्के देणारा त्याच धाटणीचा, याहून चांगला प्रस्ताव आला तर तो साडेचौदाच्या कसोटीवर नापास होईल. ११ वाला आत, १३ वाला बाहेर. म्हणूनच या आकारमानाच्या आणि इतक्याच जोखमीच्या प्रकल्पाला ११.६९ची एकच कसोटी लावायची, पैसे त्या महिन्यात कुठून आले ते न बघता. त्या कसोटीवर ११ टक्क्यांचा विभाग बसत नाही.

आणि तरीही तो मंजूर होऊ शकतो. कसा, ते बघण्यासारखं आहे. ताळेबंदात भागभांडवल आणि राखीव निधी मिळून फक्त २०० कोटी दिसतात, कारण तो जुन्या किमतींनी लिहिलेला असतो. एखाद्या सल्लागारानं ताळेबंदातलेच आकडे उचलले तर मिश्रण उलटतं. कर्ज दोन तृतीयांश, भागभांडवल एक तृतीयांश. सरासरी येते ९.८. अकरा टक्क्यांचा विभाग आता दिमाखात पास. कंपनीत काहीच बदललेलं नाही, फक्त वजनं चुकीच्या पानावरून घेतली. भागधारकाला आपला परतावा हवा असतो तो शेअरच्या आजच्या किमतीवर, वीस वर्षांपूर्वी कुणी किती भरले त्यावर नाही. प्रकल्प अहवालात कर्जाचा वाटा बाजारभावाच्या मानानं संशयास्पद मोठा दिसला की ही गफलत आधी तपासावी.

कर्ज इतकं स्वस्त तर ते ४० ऐवजी ६० टक्के का करू नये? नुसता गुणाकार केला तर सरासरी १०.२९ पर्यंत खाली येते, आणि असे तक्ते मी बरेच पाहिले आहेत. त्यात भागधारकाचे साडेचौदा टक्के जागचे हलत नाहीत. प्रत्यक्षात ते हलतात. कर्ज वाढलं की नफ्यातला आधीचा आणि ठरलेला वाटा बँकेचा. मंदीत सगळा फटका उरलेल्या भागधारकांवर बसतो. बीटा चढतो. प्रचलित सूत्रानं हिशेब केला तर तो १.२५ वरून साधारण १.७७ होतो आणि भागधारकाची अपेक्षा १७.६ टक्क्यांवर जाते. मग सरासरी १०.२९ नाही, ११.५४ येते. जुन्या ११.६९च्या जवळपासच. शिवाय इतकं कर्ज पाहून बँकेनं व्याज १२ टक्के केलं, तर सरासरी साडेबाराच्या घरात पोचते, सुरुवातीपेक्षा वर.

फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर यांनी १९५८ साली मांडलं ते हेच: कर नसेल आणि बाजार आदर्श असेल तर कर्ज-भागभांडवलाचं प्रमाण बदलून भांडवलाचा एकूण खर्च कमी होत नाही, कारण स्वस्त कर्जाचा फायदा महागलेलं भागभांडवल खाऊन टाकतं. १९६३ साली त्यांनी आपल्याच मांडणीतला कराचा हिशेब दुरुस्त केला आणि करकवचाला त्याचं पूर्ण वजन दिलं. म्हणजे मिश्रणातून जो खरा लाभ होतो तो मुख्यतः कराचा. वरच्या उदाहरणात व्याज न वाढता जे ०.१५ टक्के वाचले, ते तिथूनच आले.

पण कवच अंगावर येतं ते कर भरायचा असेल तरच. तोट्यातल्या कंपनीनं कितीही व्याज भरलं तरी या वर्षी करात एक पैसा वाचत नाही. तोटा पुढच्या वर्षांवर ओढता येतो, पण पाच वर्षांनी वाचणारे दहा कोटी आजच्या दहा कोटींएवढे नसतात. परदेशी समूहातल्या कंपनीकडून घेतलेल्या कर्जावर वेगळी आडकाठी आहे. २०१७ च्या वित्त कायद्यापासून, असं व्याज एक कोटीच्या वर गेलं की व्याज, कर आणि घसारा यांच्या आधीच्या नफ्याच्या ३० टक्क्यांपलीकडे गेलेला भाग त्या वर्षी वजा करून मिळत नाही.

सगळ्यात व्यवहारी अडचण बँकेच्या व्याजाची आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३ब नुसार बँकेचं व्याज नुसतं पुस्तकात नोंदवून चालत नाही, विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत ते प्रत्यक्ष भरलेलं असावं लागतं. थकलेलं व्याज बँकेनं नव्या कर्जात वळतं करून दिलं तरी तो भरणा धरला जात नाही. अडचणीतल्या कारखान्यांच्या पुनर्रचनेत नेमकं हेच होतं. थकीत व्याजाचं नवं कर्ज करतात, प्रकल्प अहवालात मात्र दहा टक्के व्याजातून २५.१७ टक्के वजा करून साडेसात लिहिलेले असतात. त्या वर्षी त्या कारखान्याला कर्ज पडतं पूर्ण दहा टक्क्यांना, आणि थकबाकीवर दंडव्याज असेल तर त्याहून वर.