रस्त्याखालचे पाणी – भाग ५ : नळकांडी पुलाला पाइप किती, काँक्रीट किती?

ओढ्याच्या पाण्याचा अंदाज घेऊन आपल्या उदाहरणातील गावरस्त्यासाठी ९०० मिमी आतल्या व्यासाच्या सिमेंट पाइपांच्या दोन रांगा मागच्या भागात ठरवल्या. आता अंदाजपत्रकातल्या दोन ओळी भरायच्या आहेत : पाइपांची संख्या आणि त्यांच्याखालच्या बेडिंगचे काँक्रीट. दोन्ही गणिते शाळकरी वाटतात. तरीही रस्ता पुलावर अरुंद होण्याचे किंवा पाइप तडकण्याचे कारण अनेकदा याच दोन ओळींत सापडते.

आधी पाइप मोजू. दोन्ही हेडवॉलच्या मधली रस्त्याची मोकळी रुंदी ७.५ मीटर हवी आहे. प्रत्येक हेडवॉल दगडी बांधकामाची, ६० सेंमी जाडीची. पाइप भिंतीच्या आरपार जाऊन तिच्या बाहेरच्या तोंडाशी संपला पाहिजे. म्हणून एका रांगेची लांबी झाली ७.५ अधिक १.२, म्हणजे ८.७ मीटर.

पुलासाठी मिळणारा एन.पी.३ वर्गाचा पाइप साधारणपणे अडीच मीटर लांब असतो. इथेच पहिली चूक होते. दोन रांगांची लांबी एकत्र केली की १७.४ मीटर येते, तिला २.५ ने भागले की ६.९६. ‘सात पाइप’ असे लिहून माणूस पुढे जातो. कागदावर ते अगदी चोख दिसते. पण एका रांगेला ३.४८ पाइप लागतात आणि एका रांगेचा उरलेला तुकडा दुसऱ्या रांगेत आपोआप जात नाही. पूर्णांक प्रत्येक रांगेचा वेगळा करायचा : रांगेला ४, दोन रांगांना ८.

सातच पाइप साइटवर आले तर पुढचे ठरलेले असते. एका रांगेत तीन पाइप, म्हणजे साडेसात मीटर लांबी. त्यात दोन भिंतींची जाडी गेली की रस्त्याला उरतात ६.३ मीटर. उसाची ट्रॉली आणि समोरून येणारी एसटी पुलावर एकमेकांना सहज वाट देऊ शकत नाहीत. दुसरी वाट म्हणजे पाइप कापणे. त्यात आतली सळई उघडी पडते, टोक वेडेवाकडे होते आणि कॉलर नीट बसत नाही. त्यापेक्षा चार पाइपांची पूर्ण १० मीटर लांबी वापरावी आणि भिंती थोड्या बाहेर घ्याव्यात. मोकळी रुंदी ८.८ मीटर मिळते, आणि वाढलेली जागा साइडपट्टीच्या कामी येते.

ओढा रस्त्याला तिरका जात असेल तर लांबी वाढते. काटकोनापासून ३० अंश तिरपेपणा असेल तर ८.७ मीटरचे सुमारे १०.०५ मीटर होतात. गणित सांगेल की पाच पाइप हवेत. पण पाच सेंमीसाठी अडीच मीटरचा पाइप मागवू नये; रस्त्याची रुंदी तेवढी कमी धरून चारांतच बसवावे. गणिताचे उत्तर असे नकाशासमोर धरून पाहिले पाहिजे.

कॉलर मोजताना सांधे मोजायचे. चार पाइपांच्या रांगेत तीन सांधे, म्हणजे दोन रांगांना सहा कॉलर.

आता बेडिंग. सपाट जमिनीवर गोल पाइप ठेवला तर तो एका अरुंद रेषेवरच टेकतो. वरून मुरूम आणि ट्रॉलीचे वजन आले की पाइप आडवा फुगू पाहतो आणि तळाला व माथ्याला आतून लांबीच्या दिशेने तडकतो. त्याच पाइपाला खालून कुशीपर्यंत काँक्रीटचा पाळणा दिला की वजन रुंद पट्ट्यावर पसरते आणि तोच पाइप दुपटीहून अधिक भार पेलतो.

आपल्या नकाशात पाइपाखाली २२५ मिमी काँक्रीट आहे आणि ते बाजूने पाइपाच्या बाहेरच्या व्यासाच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत चढते. ९०० मिमी एन.पी.३ पाइपाची जाडी १०० मिमी, म्हणून बाहेरचा व्यास १.१ मीटर आणि त्याचा चौथा हिस्सा २७५ मिमी. पाळण्याची एकूण उंची अर्धा मीटर. दोन रांगांमध्ये ४५ सेंमी अंतर ठेवायचे, कारण त्यापेक्षा कमी जागेत काँक्रीट नीट कोंबता येत नाही आणि वरचा मुरूम धुमसता येत नाही. बाहेरच्या बाजूंना १५-१५ सेंमी. एकूण रुंदी : दोन पाइपांचे २.२, मधले ०.४५ आणि कडांचे ०.३०, मिळून २.९५ मीटर.

लांबी १० मीटर घेऊ नका. दोन्ही टोकांना हेडवॉल आहे आणि तिचे बांधकाम वेगळे मोजले जाते. भिंतींच्या मधले अंतर ८.८ मीटर, तेच बेडिंगचे. मग २.९५ गुणिले ०.५० गुणिले ८.८, म्हणजे १२.९८ घनमीटर.

यातून पाइपाने अडवलेली जागा वजा करायची. पाइप पाव उंचीपर्यंत बुडाला म्हणून वर्तुळाचे पाव क्षेत्रफळ वजा केले जाते, आणि ते चूक आहे. वर्तुळ तळाशी निमुळते असते. पाव उंचीपर्यंत त्याचे जेमतेम एक पंचमांश क्षेत्रफळ येते. आपल्या पाइपासाठी ते ०.१८६ चौरस मीटर. दोन रांगा आणि ८.८ मीटर लांबी धरून वजावट ३.२७ घनमीटर. निव्वळ काँक्रीट ९.७१ घनमीटर.

वजावटच केली नाही तर अंदाजपत्रकात सव्वातीन घनमीटर काँक्रीट नुसत्या हवेत राहते. १:२:४ प्रमाणात घनमीटरला साधारण सव्वासहा पोती सिमेंट लागते, म्हणजे वीसेक पोत्यांचा फरक. उलट पाव वर्तुळ वजा केले तर सुमारे पाऊण-एक घनमीटर काँक्रीट कमी पडते, आणि काम करणारे ते पाइपाच्या कुशीतूनच वाचवतात. नेमकी तीच जागा भार पेलणारी असते.

प्रमाण बरोबर असूनही क्रम चुकला तर बेडिंग वाया जाते. खालचा थर ओतून तो सपाट करून, दुसऱ्या दिवशी घट्ट झाल्यावर वर पाइप ठेवले तर पाइप पुन्हा रेषेवरच टेकतो. काँक्रीट ओले असतानाच पाइप त्यावर बसवावा, लगेच दोन्ही कुशी भरून सळईने कोंबाव्यात. कॉलर पाइपापेक्षा जाड असते, म्हणून प्रत्येक सांध्याखाली तिच्यापुरती खाच ठेवावी. नाहीतर पाइप कॉलरवर तोलला जातो आणि मध्ये पोकळी राहते. आणि हा पाळणा काळ्या मातीवर कधीच घालू नये. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. ती काढून टणक मुरूम लागल्यावर किंवा मुरूम भरून धुमसल्यावरच काँक्रीट घालावे.

पाइपाच्या माथ्यापासून रस्त्याच्या पृष्ठभागापर्यंत किमान ६० सेंमी भराव हवा. तो पूर्ण होईपर्यंत वरून रोलर फिरवू नये.

पहिला पावसाळा उलटून ओढा आटला की बॅटरी घेऊन आत पाहावे. तळाला किंवा माथ्याला पाइपाच्या लांबीच्या दिशेने सरळ चीर दिसली तर बेडिंगचा आधार कुशीत पोहोचला नाही, किंवा वर भराव कमी आहे, असे समजावे. सांधे वरखाली झालेले दिसले तर खालची जमीन खचली आहे. ग्रामपंचायतीने असा पूल ताब्यात घेण्याआधी मोजमाप पुस्तिकेत दोन गोष्टी तपासाव्यात : पाइप रांगेनुसार मोजले आहेत का, आणि बेडिंगच्या काँक्रीटमधून पाइपाची वजावट दाखवली आहे का.

पुढील भागात : हेडवॉलचा पाया किती खोल घ्यावा आणि पाणी तिच्या बुडाखालून कसे शिरते.