तेल कुठे जातं?

कोरड्या ओठांना कुठली लिपस्टिक चालते, एवढा एकच प्रश्न हातात देऊन संपादकांनी मला पाठवलं. नाशिकला शाळेत शिकवणाऱ्या माझ्या ताईचाही नेमका हाच प्रश्न होता. जानेवारीत तिच्या ओठांची सालं निघतात, आणि तिला आवडते ती गडद मरून मॅट. मी वसईच्या औद्योगिक वसाहतीतला एक छोटा कारखाना गाठला. दुसऱ्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या लिपस्टिक तिथे बनतात.

ओठांवर टिकणारा रंग ही जुनी हौस. अमेरिकेत हेझेल बिशप या रसायनतज्ज्ञ बाईंची न पुसणारी लिपस्टिक 1950 साली बाजारात आली. टिकाऊपणा आणि कोरडेपणा यांची ओढाताण मात्र अजून संपलेली नाही. ती मला दिसली प्रयोगशाळेतल्या एका काचेवर.

तिथल्या केमिस्ट मॅडमनी काचेवर चमचाभर पांढरी, पिठासारखी सिलिका ठेवली. ड्रॉपरने एरंडेलाचा एक थेंब टाकला, पात्याने मळला. तेल गायब. दुसरा थेंब, दहावा थेंब, तरीही पूड कोरडीच. कितीतरी वेळाने तिचा गोळा झाला. सच्छिद्र सिलिका स्वतःच्या वजनाइतकं, कधी त्याहूनही जास्त तेल पिते. मी त्या काचेवरून नजर हलवू शकले नाही.

"मॅट म्हणजे हेच," मॅडम म्हणाल्या. "कांडीत मेण, तेल आणि रंग असतात. मॅट करायचं तर रंग आणि पूड वाढवायची. पूड तेल धरून ठेवते, पृष्ठभाग खडबडीत राहतो, म्हणून चमकत नाही. सॅटिनमध्ये पूड कमी असते, थोडं तेल मोकळं राहतं. टिंटेड बाममध्ये रंग नावापुरता. बाकी पेट्रोलियम जेली, शिया बटर, मेण."

म्हणजे निवड रंगाची नाही, ओठांवर किती तेल मोकळं उरतं त्याची आहे. ओठांच्या लाल भागाला घामाच्या ग्रंथी नाहीत, तेलाच्याही सहसा नसतात, आणि वरचा थर पातळ असतो. पाणी भराभर उडतं. मोकळं तेल आणि पेट्रोलियम जेली ते उडणं कमी करतात. मॅट कांडी ओठ सुकवतेच असं नाही. पण ती पाणी फारसं राखत नाही, आणि प्रत्येक सालपट उठून दिसतं.

लिक्विड मॅटची गोष्ट वेगळी. त्यात आयसोडोडेकेनसारखं उडून जाणारं द्रव असतं. ते उडालं की मागे रेझिनचा पापुद्रा उरतो. बोलताना ओठ ताणले जातात, पापुद्रा तेवढा ताणत नाही. म्हणून ओढल्यासारखं वाटतं आणि काही वेळाने आतल्या कडेला भेगा पडतात. रात्री तो घासून काढताना सालंही निघतात. तो तेलानेच सोडवावा. फाटक्या ओठांना मी हा प्रकार देणार नाही.

ताईसाठी मॅडमनी सांगितलं ते असं: ब्रश करतानाच बिनवासाचा साधा बाम लावायचा, तयार होईपर्यंत दहा मिनिटं ठेवायचा, मग टिश्यूने अलगद टिपून वर सॅटिन. टिपायचं राहिलं तर कांडी घसरते आणि रंग चट्ट्याचट्ट्यांनी बसतो. दुकानात मनगटावर रेघ ओढून रंग कळतो, कोरडेपणा कळत नाही. तो कळतो ओठांवर तीन तास राहिल्यावर.

आठ दिवसांनी ताईचा फोन आला. सालं दिसत नव्हती, पण सॅटिन चहाच्या कपावर उतरत होतं आणि मधल्या सुट्टीत पुन्हा लावावं लागत होतं. जे तेल ओठ मऊ ठेवतं तेच रंग हलवतं. वरच्या ओठाच्या बारीक रेषांत तो पसरत होता. लिप पेन्सिलच्या मेणाची कड आखल्यावर ते कमी झालं. सुट्टीच्या दिवशी तिने टिंटेड बाम वापरला. ओठ शांत राहिले, पण एक जेवण झालं की रंग संपला, आणि गडद मरून तर त्यात सहसा मिळत नाही. तेवढा रंग घातला की तो बाम राहत नाही.

मग तिने दुसरा बाम आणला, गार वाटणारा. दोन दिवसांत ओठ चुरचुरू लागले. डबीवर मेन्थॉल आणि पेपरमिंट तेल होतं. गार वाटतं म्हणून बरं वाटतं, पण फाटलेल्या ओठांना ते झोंबतं. आता ती बिनवासाच्यावर परत आली आहे. मॅडमनी बजावलं होतं, ओठांच्या कडेबाहेर खाज किंवा पुरळ आलं, कोपरे चिरले, तर लिपस्टिक बदलत बसू नका, त्वचातज्ज्ञांकडे जा. सुगंधाची, लॅनोलिनची, एखाद्याला चक्क एरंडेलाचीही ॲलर्जी असते. अशा वेळी मॅट काय अन् सॅटिन काय, त्रास तोच.

फेब्रुवारीत भाचीचं लग्न आहे. ताईला मरून मॅटच हवी आहे. मी तिला मरून सॅटिन लावून, टिश्यू ओठांत दाबून तेल टिपायला सांगितलं आहे. चमक बरीच उतरते. जेवणाच्या पंगतीपर्यंत टिकेल का, ते तिने रविवारी घरी लावून बघायचं ठरलं आहे.